पाच हजार थकले, व्याज पन्नास हजारांवर

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या पगारदार पतसंस्थेचं काम मी बरीच वर्षं पाहतो आहे. कर्जाचा अर्ज आला की त्यात कारणाचा रकाना असतो. पूर्वी तिथे लग्न, घरदुरुस्ती, आजारपण, मुलांचं शिक्षण असं लिहिलेलं असायचं. अलीकडे त्या रकान्यात ‘क्रेडिट कार्ड’ हे दोन शब्द वारंवार दिसतात. अर्जासोबत आम्ही कार्डाची शेवटची तीन-चार स्टेटमेंट मागवतो आणि सभासदाला समोर बसवून ती ओळ न ओळ वाचतो. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: “साहेब, मी जवळजवळ सगळे पैसे भरले होते. मग एवढं व्याज लागलंच कसं?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१. व्याज ड्यू डेटनंतर सुरू होत नाही. ते खरेदीच्या दिवसापासूनच मोजता येईल असं करारात असतं.

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपली समजूत अशी असते की ड्यू डेटपर्यंतचा काळ बिनव्याजी आहे आणि त्यानंतर जे राहील त्यावर व्याज लागेल. वीजबिल किंवा किराणा दुकानाची उधारी आपण अशीच चुकती करतो, म्हणून ही समजूत पक्की होते.

कार्डाचा करार मात्र उलट्या बाजूने लिहिलेला आहे. तुम्ही कार्ड वापरलंत की बँक दुकानदाराच्या बँकेला एक-दोन दिवसांत पैसे देऊन मोकळी होते. त्या दिवसापासून तुम्ही बँकेचे देणेकरी आहात. ज्या तारखेला खरेदी झाली, त्या तारखेपासून व्याज धरण्याचा हक्क बँकेने करारात राखून ठेवलेला असतो. त्याच करारात एक सवलत असते: बिलाची पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत जमा झाली, तर त्या काळाचं व्याज बँक घेणार नाही. हाच तो बिनव्याजी काळ. खरेदी बिलाच्या चक्रात कुठल्या दिवशी झाली त्यावर तो साधारण २० ते ५० दिवसांचा भरतो.

सवलतीची अट ‘पूर्ण रक्कम’ एवढीच आहे. नव्वद टक्के भरले तर नव्वद टक्के सवलत मिळते असं कुठल्याही कलमात नाही. अट मोडली की सवलत संपूर्ण जाते आणि व्याजाची मोजणी मागे, प्रत्येक खरेदीच्या तारखेवर, जाऊन पोचते.

हे काही बँकांनी लपवून ठेवलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट व डेबिट कार्डांबद्दल एकत्रित निर्देश काढले. मागच्या बिलातली काहीही बाकी राहिली तर बिनव्याजी काळ स्थगित होतो, हे ग्राहकाला महत्त्वाच्या अटींमध्ये स्पष्ट करून सांगा, उदाहरणं देऊन सांगा, असं त्यांत म्हटलं आहे. उदाहरणं कार्डासोबत येणाऱ्या पुस्तिकेत छापलेली असतात. ती पुस्तिका पाकिटातून बाहेर काढलेला सभासद मला अजून भेटायचा आहे. यात मी सभासदाला दोष देत नाही. बारा पानांच्या बारीक अक्षरांत जी गोष्ट सांगितली जाते, ती कार्ड विकणाऱ्या माणसाने तोंडाने एकदा सांगायला हवी होती.

२. हिशोब ‘रुपये गुणिले दिवस’ असा आहे आणि तो घरच्या घरी करता येतो.

एका सभासदाचं प्रकरण घेतो. ओळख पटू नये म्हणून आकडे सोपे केले आहेत, रचना तीच ठेवली आहे.

बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होतं, ड्यू डेट त्यानंतर २० दिवसांनी. आधीचं बिल पूर्ण भरलेलं. त्यानंतर २० मे रोजी फ्रीज घेतला, ३०,००० रुपये. २ जूनला मुलीच्या शाळेची फी भरली, १२,०००. १० जूनला किराणा आणि कपडे मिळून ८,०००. १५ जूनला ५०,००० रुपयांचं बिल आलं, ड्यू डेट ५ जुलै. दरम्यान २५ जूनला गावी जायची तिकिटं आणि तिथला खर्च मिळून आणखी १०,००० कार्डावरच झाले. ५ जुलैला, म्हणजे अगदी वेळेवर, त्यांनी ४५,००० रुपये भरले. पाच हजार पुढच्या पगारावर ठेवले.

त्यांचा अंदाज असा होता: पाच हजारांवर महिनाभराचं साडेतीन टक्के, म्हणजे १७५ रुपये. वर कर धरून दोनशे. एवढं सोसायला हरकत नाही.

१५ जुलैचं बिल आलं, त्यात व्याज होतं २,५७९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४६४ रुपये. मिळून ३,०४३.

ते स्टेटमेंट टेबलावर पसरून आम्ही दोघांनी पेन घेतलं. दर महिना ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२. रोजचा दर काढायचा तर ४२ टक्क्यांना ३६५ने भागायचं. आता प्रत्येक खरेदी किती दिवस बँकेच्या पैशावर उभी होती ते पाहायचं. फ्रीजचे ३०,००० हे २० मे ते ४ जुलै असे ४६ दिवस. फीचे १२,००० हे ३३ दिवस. किराणा-कपड्यांचे ८,००० हे २५ दिवस. प्रत्येक रक्कम तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली, वार्षिक दर लावला आणि ३६५ने भागलं. उत्तर आलं २,२७४ रुपये. हे पन्नास हजारांवरचं व्याज, ४५,००० भरण्याआधीच्या दिवसांचं. पैसे ५ जुलैला आले, म्हणून ४ जुलैपर्यंत अख्खे पन्नास हजार मोजणीत राहिले.

पुढचा टप्पा उरलेल्या पाच हजारांचा. ५ ते १५ जुलै असे ११ दिवस. त्याचं व्याज ६३ रुपये. सभासदाच्या डोक्यात होता तो एवढाच टप्पा.

आणि २५ जूनच्या १०,००० वर १५ जुलैपर्यंतच्या २१ दिवसांचे २४२ रुपये.

तिन्ही मिळून २,५७९. पेनाने काढलेला आकडा आणि बिलातला आकडा जुळले, तेव्हा सभासद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी भरलेल्या पंचेचाळीस हजारांवरसुद्धा व्याज घेतलं.”

हो. भरलेल्या पैशांवर, ते भरले त्या दिवसापर्यंतचं. भरल्यानंतर मात्र त्या पंचेचाळीस हजारांवर व्याज चालू राहत नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण ‘पाच रुपये राहिले तरी महिनोन् महिने पूर्ण पन्नास हजारांवर व्याज लावतात’ असंही लोक सांगत फिरतात आणि ते खरं नाही. मागच्या दिवसांचं व्याज पूर्ण रकमेवर, पुढच्या दिवसांचं फक्त बाकीवर. मोठा आकडा येतो तो या मागच्या दिवसांमुळे.

काही बँका दिवस मोजताना खरेदीची तारीख धरतात, काही खात्यावर नोंद झाल्याची. त्यामुळे तुमच्या हिशोबात आणि बिलात दोन-चार रुपयांचा फरक पडू शकतो. शेकड्यांचा पडला तर बँकेकडे लेखी हिशोब मागा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पण हिशोब जुळत असेल आणि तक्रार फक्त ‘एवढं का’ अशी असेल, तर तिथे हाती काही लागत नाही.

३. किती राहिले यापेक्षा काही राहिले का, हा प्रश्न मोठा आहे.

वरच्याच उदाहरणात पाच हजारांऐवजी फक्त २०० रुपये कमी पडले असते, तर? ६३ रुपयांचा तो मधला टप्पा जवळजवळ शून्य झाला असता. २,२७४ आणि २४२ जागच्या जागी राहिले असते. म्हणजे दोनशे रुपयांच्या कमतरतेला करासह सुमारे तीन हजारांचा भुर्दंड. अगदी किरकोळ बाकी काही बँका दुर्लक्षितही करतात, पण तो त्यांचा मामला, त्यावर विसंबू नये.

म्हणून आमच्या संस्थेत मी सभासदांना एक गोष्ट पुन:पुन्हा सांगतो. पन्नास हजारांच्या बिलात शेवटचे पाच हजार हे सगळ्यांत महागडे पाच हजार आहेत. ते कुठून तरी उभे करा. आमच्याकडे आकस्मिक कर्ज मिळतं, बहुतेक पगारदार पतसंस्थांमध्ये मिळतं. वर्षाला १२ टक्के दर धरला तर पाच हजारांचं महिन्याचं व्याज ५० रुपये होतं. भावाकडून, मित्राकडून पंधरा दिवसांसाठी घेतले तर तेही नाही. पन्नास रुपयांसाठी संकोच करून तीन हजार भरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांतली बरीचशी अत्यंत काटकसरी होती. मित्राकडे हात पसरायचा नाही, स्वतःच्या हिमतीवर निभवायचं, हा त्यांचा बाणा. कार्डाच्या बाबतीत तो बाणा फार महाग पडतो.

मुदत ठेव मोडायलाही लोक कचरतात. ठेवीवर सात टक्के मिळत असतात आणि इकडे ४२ टक्के, वर जीएसटी, म्हणजे जवळजवळ साडेएकोणपन्नास टक्के जात असतात. ठेव मोडल्यावर एक टक्का कमी व्याज मिळेल याचं दुःख करत बसू नये.

४. नवी खरेदी निष्पाप असते, तरी तिला शिक्षा होते.

उदाहरणातले २५ जूनचे दहा हजार पुन्हा पाहा. त्या दिवशी सभासदाने काहीही थकवलेलं नव्हतं. ड्यू डेट दहा दिवस पुढे होती. ती खरेदी १५ जूनच्या बिलात नव्हतीच, तिचं बिल यायचं होतं १५ जुलैला. तरीही २५ जूनपासून तिच्यावर व्याज लागलं. कारण बिनव्याजी काळ एकेका खरेदीला सुटा मिळत नाही, तो खात्याला मिळतो. ५ जुलैला खात्याने अट मोडली, म्हणून प्रत्येक खरेदी, त्या बिलातली आणि त्यानंतरची, बिनव्याजी राहिली नाही.

याचा दैनंदिन अर्थ असा, की बाकी ठेवलेल्या कार्डाने घेतलेली पावकिलो कोथिंबीरसुद्धा त्याच क्षणापासून व्याजावर आहे. ही अतिशयोक्ती नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे बचत खात्यातून गेले की कार्डावरून, हे घाईत कळत नाही. एका तरुण सभासदाच्या स्टेटमेंटची सहा पानं मी पाहिली. चहा, रिक्षा, पेट्रोल, भाजी, मोबाइल रिचार्ज, सगळं कार्डावरून. आधीच्या बिलातली बाकी तशीच होती. त्याला वाटत होतं, की व्याज फक्त त्या जुन्या बाकीवर चालू आहे.

बाकी राहिली आहे हे कळलं की त्या दिवसापासून ते कार्ड वापरणं थांबवायचं. फक्त पाकिटातून काढून ठेवणं पुरत नाही. यूपीआयमधून ते काढा. वीजबिल, विम्याचा हप्ता, सिनेमा-मालिकांची वर्गणी अशा ज्या ज्या ठिकाणी आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल, तिथे बचत खातं टाका. ही यादी आपल्याला आठवते त्यापेक्षा नेहमी लांब निघते. मागच्या तीन स्टेटमेंटवर पेन्सिलने खुणा केल्या की सगळी सापडतात.

एटीएममधून कार्डावर रोख काढली असेल तर तिला बिनव्याजी काळ मुळातच नसतो. बिल पूर्ण भरणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर रोख काढण्याचं शुल्क वेगळं.

५. मिनिमम भरल्याने दंड वाचतो, व्याज वाचत नाही.

बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात: टोटल अमाउंट ड्यू आणि मिनिमम अमाउंट ड्यू. आपल्या उदाहरणात मिनिमम साधारण पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये असतं. तेवढे भरले की उशिराचं शुल्क लागत नाही आणि थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या संस्थांकडे नोंद जात नाही. मिनिममचं काम एवढंच.

समजा त्या सभासदाने ५ जुलैला ४५,००० ऐवजी फक्त २,५०० भरले असते. मागच्या दिवसांचे २,२७४ तसेच. उरलेल्या ४७,५०० वर ११ दिवसांचे ६०१. नव्या खरेदीचे २४२. जीएसटी धरून एकूण ३,६७८ रुपये. म्हणजे भरले अडीच हजार आणि चढले त्याहून जास्त.

इथे एक चतुर सभासद मला म्हणाले होते, “पंचेचाळीस हजार भरूनही तीन हजार लागतात आणि अडीच हजार भरून पावणेचार. फरक सहाशे-साडेसहाशेचा. मग मिनिममच का भरू नये?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या बिलात मागच्या दिवसांचं व्याज दोघांनाही सारखंच लागतं, म्हणून फरक लहान दिसतो. पुढच्या महिन्यापासून ४७,५०० च्या बाकीवर करासह महिन्याला सुमारे १,९६० रुपये जातात आणि ५,००० च्या बाकीवर सुमारे २०७. पूर्ण रक्कम जमत नसेल तेव्हाही जितकी जास्त भरता येईल तितकी भरायची, ती या कारणासाठी.

आणि जितकी लवकर भरता येईल तितकी लवकर. हे फार कमी लोकांना सुचतं. पूर्ण बिल भरणार असाल तर ड्यू डेटपर्यंत थांबण्यात शहाणपण आहे, पैसे तेवढे दिवस आपल्या खात्यात राहतात. पण पूर्ण भरता येणार नाही हे बिल हाती पडताच कळलं असेल, तर ड्यू डेटची वाट पाहण्याला काही अर्थ उरत नाही, कारण व्याज रोज चढतं आहे. उदाहरणातले ४५,००० त्यांच्या खात्यात १६ जूनला पडलेलेच होते. त्यांनी ते ५ जुलैला भरले. ते १९ दिवस आधी भरले असते तर ९८४ रुपये व्याज आणि त्यावरचा कर वाचला असता. काही न करता, फक्त तारीख बदलून.

६. पूर्ण बिल भरल्यानंतरच्या बिलातही व्याज येतं.

हा अनुभव माणसाला सगळ्यांत जास्त चिडवतो. त्या सभासदाने १५ जुलैचं १८,०४३ रुपयांचं बिल, व्याज आणि कर धरून, पै न पै ४ ऑगस्टच्या ड्यू डेटला भरलं. कार्ड वापरणं थांबवलं होतं. तरी १५ ऑगस्टच्या बिलात पुन्हा व्याज आणि जीएसटी. ते तडक माझ्याकडे आले, म्हणाले, आता मात्र बँक लुबाडते आहे.

बँक लुबाडत नव्हती. १५ जुलैच्या बिलात व्याज १५ जुलैपर्यंतचंच मोजलेलं होतं. त्यातली पाच हजारांची बाकी आणि दहा हजारांची नवी खरेदी १६ जुलै ते ३ ऑगस्ट असे १९ दिवस तशीच उभी होती, कारण बिल ४ ऑगस्टला भरलं गेलं. पंधरा हजारांवर १९ दिवसांचे ३२८ रुपये, करासह ३८७. बिल छापताना पुढच्या दिवसांचं व्याज माहीत नसतं, म्हणून ते त्याच्या पुढच्या बिलात येतं. काही बँका मागच्या बिलातल्या व्याजाच्या रकमेवरही व्याज धरतात, मग आकडा थोडा वाढतो. शुल्क, दंड आणि कर यांच्या रकमेवर मात्र व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. ते तुमच्या बिलात झालेलं दिसलं तर तक्रारीत तेवढं कलम नेमकं लिहा.

खरा धोका या शेवटच्या लहानशा आकड्यात आहे. माणूस म्हणतो, मी सगळं भरून टाकलं, आता बिल बघायचं कारण नाही. ते ३८७ रुपये पडून राहतात, त्यावर उशिराचं शुल्क लागतं, आणि बिनव्याजी काळ पुन्हा गेलेलाच असतो. व्याजाचा रकाना कोरा आणि बाकी शून्य, असं एक स्टेटमेंट हाती येईपर्यंत त्या कार्डाने खरेदी करू नये. घाई असेल तर बँकेच्या फोनवर विचारा, की आज रोजी सगळी बाकी चुकती करायला किती रक्कम लागेल. त्यात आजपर्यंतचं व्याज धरून आकडा सांगतात.

७. दर कमी करून मिळेल या आशेवर राहू नये.

४२ टक्के हा दर कायद्यात बसतो का, असं लोक विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे आज तीस टक्क्यांची ती मर्यादा लागू नाही. माझ्या मते हा दर पगारदार माणसाला झेपणारा नाही आणि याबद्दल धोरण म्हणून विचार व्हायला हवा. पण तो होईपर्यंत आपलं बिल आपल्यालाच सांभाळायचं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच चूक झाली असेल तर बँकेला विनंती करून पाहायला हरकत नाही. जुन्या, नियमित ग्राहकाचं एखाद्या वेळचं व्याज सोडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. तो हक्क नव्हे.

मोठी खरेदी एका महिन्यात झेपणार नाही हे आधीच दिसत असेल, तर ती हप्त्यांत बदलून घ्यावी. फ्रीजचे ३०,००० ड्यू डेटच्या आधी ईएमआयमध्ये गेले असते, तर त्या बिलात उरलेले २०,००० आणि असेल तो पहिला हप्ता, एवढंच देणं राहिलं असतं, आणि ते पूर्ण भरलं असतं तर बिनव्याजी काळ शाबूत राहिला असता. ईएमआयचा दर मी पाहिलेल्या बिलांत वर्षाला १३ ते १८ टक्के होता. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावर जीएसटी. स्वस्त नाही, पण ४२ च्या निम्म्याहून कमी. अट एकच, रूपांतर वेळेत व्हायला हवं. काही बँका बिल तयार होण्याआधीच ते मागतात.

८. तारखा आणि ऑटो-डेबिट एकदा तपासा.

काही प्रकरणांत माणसाकडे पैसे होते, हेतू पूर्ण भरण्याचाच होता, तरी व्याज लागलं. त्याची दोन कारणं मला सारखी दिसतात.

पहिलं कारण ऑटो-डेबिट. कार्ड घेताना फॉर्ममध्ये पूर्ण रक्कम की किमान रक्कम, अशा दोन चौकटी असतात. भरून देणाऱ्या प्रतिनिधीने किमानवर टिक केलेली असते. दर महिन्याला खात्यातून पैसे जातात, मेसेज येतो, माणूस निर्धास्त असतो. व्याज लागतं आहे हे त्याला चार-सहा महिन्यांनी कळतं.

दुसरं कारण शेवटच्या दिवशी दुसऱ्या ॲपवरून भरलेलं बिल. पैसे आपल्या खात्यातून गेले तो दिवस आणि कार्डाच्या खात्यात जमा झाले तो दिवस, यांत कधी एक-दोन दिवस जातात. मोजणी जमा झाल्याच्या दिवसाची असते. ‘ड्यू डेटनंतर तीन दिवस चालतात’ असं लोक सांगतात, ते अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेचा तो नियम उशिराच्या शुल्काबद्दल आणि थकबाकी कळवण्याबद्दल आहे. व्याज माफ होईल असं तो म्हणत नाही.

पगार एक तारखेला आणि ड्यू डेट अठ्ठावीसला, अशी अडचण असेल तर बिलाची तारीख बदलून घेता येते. किमान एकदा ती बदलण्याची मुभा बँकेने द्यायलाच हवी, असा नियम आहे. आमच्या कारखान्यात पगार सात तारखेला होतो. ज्या सभासदांनी ड्यू डेट दहा ते बाराच्या दरम्यान आणून घेतली, त्यांच्यापैकी फार थोडे पुन्हा कार्डाच्या कारणाने कर्ज मागायला आले.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती: आजच्या आज कार्डाचं ॲप उघडा आणि ऑटो-डेबिट कुठल्या रकमेवर लावलं आहे ते पाहा. आणि या महिन्याचं बिल पूर्ण भरायला थोडे पैसे कमी पडतील असं दिसत असेल, तर ड्यू डेटच्या आठवडाभर आधी आपल्या पतसंस्थेत जा. आकस्मिक कर्जाचा अर्ज एका पानाचा असतो आणि कारणाच्या रकान्यात ‘क्रेडिट कार्ड’ लिहायला लाजण्याचं काही कारण नाही.